अनुभव धागा: फ्लाइट मोड काढला, पण फोन रेंज शोधतच बसला (खान्देश)

तापीकाठ
राम राम मंडळी. फ्लाइट मोड काढल्यावर फोन नुसता 'शोधत आहे' किंवा 'नोंदणी करत आहे' दाखवत बसतो, आणि मग शेजारचा कोणीतरी म्हणतो, "नेटवर्क सेटिंग रिसेट मार." रिसेटने पुष्कळदा रेंज येतेही, पण सोबत काय काय पुसलं गेलं ते दोन दिवसांनी कळतं. जळगाव असो, धुळे असो की नंदुरबार, ज्याला जे पक्कं ठाऊक आहे ते इथे लिहावं. फोन कोणता, सिम कुठलं, नेमकं काय केल्यावर रेंज आली आणि काय गमावलं, एवढं लिहिलंत तरी पुढच्याच्या कामी येईल.

नवापूरकर
बरं झालं धागा निघाला. दोन सिमचा अँड्रॉइड आहे. सुरतहून भुसावळच्या गाडीत बसल्यावर फ्लाइट मोड लावला, नंदुरबारला काढला. दुसऱ्या सिमला अर्ध्या मिनिटात रेंज आली. पहिलं एअरटेलचं आहे, ते अजून शोधतंच आहे. फ्लाइट मोड सात-आठ वेळा लावून-काढून झाला. रिसेट मारू का? वाय-फायचे बरेच पासवर्ड साठवलेत, म्हणून हात थांबलाय.

चोपडा_मास्तर
तुमचा एपीएन बिघडलाय. एपीएनमध्ये `airtelgprs.com` टाका आणि फोन बंद-चालू करा. रेंज आणि नेट दोन्ही त्यावरच चालतं.

धुळे_दुरुस्ती
नवापूरकर, रिसेट थांबवा. दुसऱ्या सिमला रेंज आहे, म्हणजे फोनचा रेडिओ जिवंत आहे. आधी एकच गोष्ट बघा. सेटिंगमध्ये मोबाईल नेटवर्क, त्यात ते पहिलं सिम, त्यात `Automatically select network` हे बटण चालू आहे की बंद? काही फोनवर तिथे नुसतं `Network operators` लिहिलेलं असतं.

हे विचारण्याचं कारण तुमचं गाव. आपल्याकडे एकाच कंपनीचं नेटवर्क प्रत्येक टेलिकॉम सर्कलमध्ये वेगळ्या कोडने चालतं. गुजरात वेगळं, महाराष्ट्र वेगळं, बऱ्हाणपूरकडे गेलात तर मध्य प्रदेश आणखी वेगळं. नवापूर तर असं, की रेल्वेच्या फलाटावरच राज्याची हद्द. तिथे रेंज नीट मिळावी म्हणून लोक यादीतून हाताने नेटवर्क निवडतात आणि विसरून जातात. मग गाडी नंदुरबारला आली तरी फोन त्या निवडलेल्या गुजरातच्याच नावाला धरून बसतो. समोर महाराष्ट्राचा टॉवर असला तरी त्याच्याकडे जात नाही, कारण त्याला तुम्हीच तसं सांगून ठेवलंय.

केळीबाग_रावेर
माझ्याही मोटरच्या मोबाईल स्टार्टरचं असंच झालंय. लाइट गेली आणि आली की त्याचा दिवा नुसता लुकलुकतो, सिम लागत नाही. नवीन जिओचं सिम घातलं तरी तेच. स्टार्टरला रिसेट कुठून मारायचा?

धुळे_दुरुस्ती
भाऊ, तुमचं दुखणं वेगळं आहे. शेतावरचे बरेचसे जुने स्टार्टर फक्त टूजीवर चालतात आणि जिओचं टूजी नाहीच. ते सिम त्यात कधीच लागणार नाही, रिसेट कितीही मारा. टूजी चालणारं सिम घाला, आणि घालण्याआधी त्या सिमचा पिन-लॉक साध्या फोनमध्ये टाकून काढून ठेवा.

पण तुमच्या प्रश्नावरून एक आठवलं, ते फोनलाही लागू आहे. बॅटरी वाचावी म्हणून कोणी 'पसंतीचं नेटवर्क' टूजी किंवा थ्रीजीवर ठेवलं असेल, तर जिओचं सिम त्या फोनवर जन्मभर शोधतच राहील. दुसऱ्या कंपनीचं सिम त्याच फोनमध्ये लागेल, म्हणून माणूस जिओच्या सिमला दोष देतो.

नवापूरकर
बटण बंदच होतं! यादीत गुजरातचं निवडलेलं होतं, नवापूरला मुलाने केलं असणार. बटण चालू केलं. लगेच काही झालं नाही, जवळजवळ दीड मिनिटाने एअरटेल आलं. एक कळलं नाही. मग फ्लाइट मोड इतक्या वेळा करून फरक का पडला नाही?

धुळे_दुरुस्ती
फ्लाइट मोड रेडिओ बंद करतो आणि परत चालू करतो. तुमची निवड तो बदलत नाही. चालू झाल्यावर फोन परत तेच नाव शोधायला लागतो.

दीड मिनिटाचं म्हणाल तर तेही समजून घ्या. नेहमीच्या जागी फोन आधी शेवटच्या टॉवरची लहर बघतो, म्हणून पाच-दहा सेकंदात लागतो. ती सापडली नाही तर एकेक बँड चाळत जातो, त्याला मिनिट-दोन मिनिटं लागतात. तेवढ्यात परत फ्लाइट मोड दाबला, की त्याची चाळणी पहिल्यापासून सुरू. आठ वेळा दाबणाऱ्याला रेंज मिळत नाही त्याचं अर्धं कारण हेच असतं. एकदा लावा, वीस-तीस सेकंद थांबा, काढा, आणि पूर्ण दोन मिनिटं फोन खाली ठेवा.

'शोधत आहे' आणि 'नोंदणी करत आहे' यातला फरकही बघा. पहिल्यात टॉवर सापडलेला नसतो. दुसऱ्यात टॉवर सापडलाय, पण नेटवर्क अजून घरात घेत नाही. फोरजीत ही नोंदणी पाच वेळा फसली तर फोन स्वतःहून लांबची सुट्टी घेतो, नेहमीच्या नियमाने 12 मिनिटांची. आणि नेटवर्कने "हे सिम आमच्याकडे मान्य नाही" अशा अर्थाचा नकार दिला, तर फोन ते सिम बाद धरतो ते थेट फोन बंद करेपर्यंत किंवा सिम काढेपर्यंत. म्हणून फ्लाइट मोडने न सुटलेलं पुष्कळदा फोन पूर्ण बंद करून, सिम काढून परत घातल्यावर सुटतं. रिसेटच्या आधीची पायरी ही.

मास्तर, एपीएनचं तुमचं अर्धं बरोबर आहे. रेंजच्या काड्या आहेत, कॉल लागतो, पण नेट नाही, तिथे एपीएन बघायचाच. फोरजीत नोंदणीसोबतच डेटाची जोडणी मागितली जाते, त्यामुळे अगदी चुकीचा एपीएन कधी नोंदणीही अडवतो. पण टॉवरच सापडत नसेल तर एपीएनचा काही संबंध नाही.

चोपडा_मास्तर
मान्य. पण मग रिसेटने रेंज येते हे खोटं का? वर्गातल्या निम्म्या पोरांचे फोन रिसेटनेच सुरू होतात.

धुळे_दुरुस्ती
खोटं नाही. अँड्रॉइडचा रिसेट इतर कामांसोबत नेटवर्क निवड परत आपोआपवर नेतो, पसंतीचं नेटवर्क मूळ जागी आणतो, मोबाईल डेटा आणि रोमिंगची बटणं मूळ स्थितीत ठेवतो, आणि एपीएन कंपनीचे मूळ बसवतो. यातलं एखादंच दुरुस्त व्हायला हवं होतं, म्हणून फोन लागतो. तेवढं एक हाताने केलं तर बाकीचं गमवावं लागत नाही. माझं मत ठाम आहे, रिसेट शेवटी.

जातं काय, तर साठवलेली सगळी वाय-फाय नावं पासवर्डसकट, ब्लूटूथच्या जोड्या, आणि हाताने घातलेला एपीएन. डेटा वापरावर घातलेली मर्यादा आणि ॲपनिहाय डेटाबंदीही उडते. हे लोकांच्या लक्षातच येत नाही, महिनाअखेर पॅक लवकर संपतो तेव्हा कळतं. कित्येक फोनवर हॉटस्पॉटचं नाव-पासवर्डही नवं होतं. फोटो, नंबर, मेसेज, व्हॉट्सॲप यांना धक्का लागत नाही. कॉल फॉरवर्डिंगही तसंच राहतं, कारण ते कंपनीच्या यंत्रात असतं, फोनमध्ये नसतं. ते काढायचं तर `##002#`.

तापीकाठ
त्यात एवढं जोडतो. रिसेटआधी वाय-फायच्या नावावर जाऊन 'शेअर' केलं की क्यूआर येतो. त्याचा स्क्रीनशॉट काढा, गॅलरी शाबूत राहते. आणि ब्लूटूथचं एक: फोन विसरला तरी गाडीचा टेप विसरत नाही. नंतर जोडताना अडकलं, तर गाडीच्या यादीतूनही जुना फोन काढून टाका, मग नव्याने जोडा.

नव्या अँड्रॉइडमध्ये रिसेट दोन भागांत असतो, मोबाईल नेटवर्कचा वेगळा आणि वाय-फाय-ब्लूटूथचा वेगळा. तशी सोय असेल तर फक्त मोबाईलचा घ्या. वाय-फाय वाचतं.

भुसावळ_वाचक
आयफोनवाल्यांसाठी. `Settings`, `General`, `Transfer or Reset iPhone`, मग `Reset`, आणि त्यात `Reset Network Settings`. शेजारी `Erase All Content and Settings` असतं, त्याच्या वाटेला जाऊ नका, त्याने सगळा फोन पुसला जातो. नेटवर्क रिसेटने वाय-फाय आणि व्हीपीएन जातं, फोनला दिलेलं नाव परत नुसतं 'आयफोन' होतं, डेटा रोमिंग बंद झालेलं असू शकतं. कार्यालयाने प्रोफाइलने बसवलेलं व्हीपीएन मात्र राहतं.

आणि सर्वात महाग चूक ई-सिमची. अँड्रॉइडच्या रिसेट पानावर कधीकधी ई-सिमही पुसायचं का, अशी चौकट असते. ती टिक राहिली तर सिमच गेलं. मग कंपनीकडून ई-सिम नव्याने घ्यावं लागतं, आणि जुना क्यूआर चालेलच असं नाही.

सातपुडा_पायथा
धडगाव, तोरणमाळ बाजूच्यांनी आधी एवढंच बघावं, की शेजारच्याच्या त्याच कंपनीच्या फोनला रेंज आहे का. घाटाखाली उतरलं की कित्येक ठिकाणी टॉवरच पोचत नाही. तिथे 'शोधत आहे' हे खरंच आहे, सेटिंगचा दोष नाही. शोधत राहणारा फोन बॅटरी भराभर खातो, त्यापेक्षा फ्लाइट मोड लावून ठेवावा आणि वर आल्यावर काढावा.

शिरपूर_सेकंडहँड
सगळं करून झालं. जुना घेतलेला फोन आहे. आपोआप निवड चालू, रिसेटही मारला, दोन कंपन्यांची सिम बदलली, दोन्ही 'नोंदणी नाही'. तीच सिम दुसऱ्या फोनमध्ये लगेच लागतात.

धुळे_दुरुस्ती
मग फोनच संशयित. `*#06#` करा. आयएमईआय रिकामा किंवा सगळे शून्य दिसले, तर मॉडेमची माहिती बिघडलीय. रिसेट तिथपर्यंत पोचत नाही, ते बोर्डाचं किंवा सॉफ्टवेअरचं काम आहे. आयएमईआय नीट असेल तर `KYM`, मग जागा सोडून 15 आकडी आयएमईआय, असा मेसेज चालू फोनवरून 14422 ला पाठवा. चोरीची तक्रार होऊन तो नंबर ब्लॉक झालेला असेल तर कुठल्याच सिमवर नोंदणी होणार नाही.

शिरपूर_सेकंडहँड
आयएमईआय दोन दिसतात. एक पूर्ण आहे, दुसरा नुसते शून्य. सिम आत्तापर्यंत दुसऱ्याच खाचेत घालत होतो.

धुळे_दुरुस्ती
सिम पहिल्या खाचेत घाला, फोन बंद करून चालू करा आणि दोन मिनिटांनी काय दिसतं ते लिहा. मेसेज पूर्ण आयएमईआयचाच पाठवा, तोही आत्ताच. बोर्ड की ब्लॉक, हे त्यानंतरच सांगता येईल.