मदत हवी आहे: मोदकांच्या पानाचं शीर्षक गणपतीआधी किती आठवडे बदलावं?

सारण_आणि_पारी
माझी पाककृतींची छोटी वेबसाइट आहे. त्यातल्या एका पानाचं शीर्षक आहे "मोदकाची पारी फुटू नये म्हणून उकड कशी काढावी". वर्षभर ते बरं चालतं. पण गणपतीत लोक थेट "उकडीचे मोदक रेसिपी" किंवा ukadiche modak recipe असं शोधतात, म्हणून शीर्षक बदलायचं आहे. सर्च कन्सोलमध्ये गेल्या वर्षी आकडे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यानंतर चढले होते. मग यंदाही १ ऑगस्टलाच बदलू का?

रात्रपाळी
इतक्या लवकर कशाला? आदल्या दिवशी बदला आणि Request indexing दाबा. माझं पान काही तासांत ताजं झालं होतं. शीर्षकात २०२६ पण टाका.

तिथीवार
ताई, तारीख धरू नका, चतुर्थीपासून उलटे दिवस मोजा. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला होती. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती १४ सप्टेंबरला, म्हणजे १८ दिवस पुढे गेली आहे. गेल्या वर्षीचा ६ ऑगस्ट हा सणाआधीचा एकविसावा दिवस होता, यंदा तो २४ ऑगस्टला येतो. सर्च कन्सोल १६ महिन्यांचे आकडे ठेवतं, त्यामुळे गेल्या वर्षीचा गणपती त्यात आहे. पान निवडून रोजचे आकडे उतरवा आणि तारखेच्या जागी "सणाआधी किती दिवस" असा रकाना करा.

गूगल ट्रेंड्सही पाहा, पण आठवड्याच्या आलेखावर जाऊ नका. तिथे आठवडा रविवारी सुरू होतो. गेल्या वर्षी चतुर्थी बुधवारी होती, म्हणून तयारीचे तीन दिवस शिखराच्याच आठवड्यात मोजले गेले. यंदा ती सोमवारी आहे, म्हणजे त्या आठवड्यात तयारीचा एक रविवार तेवढा येणार, बाकीची चढण आधीच्या आठवड्यात दिसणार. लोक तसेच शोधत असले तरी आलेखाचा आकार बदलेल. तीन महिन्यांचाच पट्टा निवडलात की रोजचे आकडे मिळतात. मात्र १०० म्हणजे त्या पट्ट्यातलं शिखर. दोन वर्षांचे पट्टे वेगवेगळे काढले तर उंचीची तुलना होत नाही, चढण कधी सुरू झाली एवढंच कळतं.

@रात्रपाळी, Request indexing ही विनंती आहे, हमी नाही. तुमचं काही तासांत झालं, एखाद्याला दोन आठवडेही लागतात. शिवाय गूगल तुमचंच शीर्षक दाखवेल असंही नाही, कधी ते पानावरचा मोठा मथळा उचलतं. ते कळून दुरुस्त करायला वेळ हवा. म्हणून मी चढण सुरू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी बदल करतो. यांच्यासाठी तो ऑगस्टचा पहिला आठवडा ठरतो.

कंदीलवाला
मी आकाशकंदील ऑनलाइन विकतो. दिवाळीच्या दोन-तीन आठवडे आधी बदल करून उपयोग होत नाही, गिऱ्हाईक त्याआधीच यायला लागतं. मोदकालाही दीड-दोन महिने आधी बदला.

तिथीवार
दादा, कंदील घरपोच यायला दिवस लागतात, म्हणून तुमचं गिऱ्हाईक लवकर शोधतं. मोदकाची कृती लोक तांदळाची पिठी हाताशी असताना उघडतात. तिची चढण शेवटच्या काही दिवसांत एकदम उभी होते.

सारण_आणि_पारी
म्हणजे १ ऑगस्टचा माझा अंदाज चुकून जमला म्हणायचा! पण "पारी फुटू नये" काढलं तर वर्षभराचे वाचक जातील ना?

तिथीवार
काढू नका, मागे ढकला: "उकडीचे मोदक रेसिपी: पारी न फुटता". पानाचा पत्ता तोच ठेवा, त्यात साल नको. शीर्षकात २०२६ टाकायला हरकत नाही, पण कृती तीच असेल तर त्याने काय साधणार? पानावरचा मथळाही जुळवा:

```html
<title>उकडीचे मोदक रेसिपी: पारी न फुटता</title>
<h1>उकडीचे मोदक, पारी न फुटता</h1>
```

नंतर यूआरएल तपासणीत View crawled page उघडा. तिथे जुनंच शीर्षक असेल तर गूगल अजून आलेलं नाही. नवं असूनही शोधात दुसरंच दिसत असेल तर गूगलने ते बदललं आहे.

परिणाम मोजताना मधली संकष्टी विसरू नका. त्या दिवशीही मोदकांचा शोध वाढतो, आणि नव्या शीर्षकामुळे वाचक वाढले असं वाटतं. एकेक शोधशब्द घेऊन गेल्या वर्षीच्या तितक्याच उलट्या दिवसाशी ताडा. स्थान तेच राहून क्लिकचं प्रमाण घसरलं तर शीर्षक लोकांना रुचलेलं नाही. स्थानच घसरलं तर एकट्या शीर्षकावर खापर फोडू नका, स्पर्धकही याच दिवसांत पानं सुधारतात.

रात्रपाळी
तासांची गोष्ट माझ्या एकाच पानाची होती, खरं आहे. पण विसर्जनानंतर जुनं शीर्षक परत आणायचं का? मी दरवर्षी आणतो.

तिथीवार
मी आणत नाही. माघी गणेश जयंतीला हेच शब्द पुन्हा चालतात.

सारण_आणि_पारी
माझं पान उकड बिघडलेल्यांमुळे वर्षभर चालतं, म्हणून इथे माझा कल रात्रपाळींकडे आहे. २५ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी झाली की, "पारी" आणि "रेसिपी" या शब्दांचे आकडे वेगवेगळे काढून इथे टाकते. मग ठरवू.