मदत हवी आहे: आवाहनपत्रात ‘गरीब व गरजू’ऐवजी काय लिहावं?

मंगळवेढा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेसाठी निधीचं आवाहनपत्र तयार करतोय. मसुद्यात नेहमीचंच वाक्य आहे: ‘गरीब व गरजू विद्यार्थ्यांना मदतीचा हात द्या.’ पत्र गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही जाणार, म्हणजे पालक आणि मुलंही ते वाचणार. शिवाय पैसे नेमके कशाला हवेत, हे त्यातून कळतच नाही.

पर्याय तपासले. ‘होतकरू’ लिहिलं की बाकीची मुलं होतकरू नाहीत का, असा प्रश्न येतो. ‘आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक’ ही आरक्षणातली संज्ञा आहे. तिला उत्पन्नाची अट आणि प्रमाणपत्र लागतं, देणगीदार तोच अर्थ घेतो. ‘वंचित’ म्हटलं की सोलापुरात आधी पक्ष आठवतो!

म्हणून विशेषणच काढलं आणि परिस्थिती लिहिली: ‘दिवाळीच्या सुमारास आईवडील ऊसतोडीला जातात. ते परत येईपर्यंत आजी-आजोबांकडे राहून शिकणाऱ्या 24 मुलांच्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गासाठी सौरदिवे, वह्या आणि शिक्षकाचं मानधन हवं आहे.’ पत्रात हे चालतं, कारण कुणाची कीव न करता खर्चाचं कारण कळतं.

अडचण फ्लेक्सची आहे. तिथे चार-पाच शब्दच बसतात. ‘ऊसतोड कामगारांची मुलं’ असं थोडक्यात लिहिलं, तर तोच नवा शिक्का होतो. लहान गावात ती मुलं कोण हे सगळ्यांना ठाऊक असतं. ‘हंगामात गावी राहणारी मुलं’ शहरातल्या देणगीदाराला कळेल का? की मुलांचा उल्लेखच टाळून ‘संध्याकाळच्या अभ्यासवर्गासाठी निधी’ एवढंच ठेवावं? ज्यांनी असे फ्लेक्स केलेत, त्यांनी नेमका मजकूर सुचवावा.