प्रोजेक्टर दहा-बारा मिनिटांत आपोआप बंद होतो, TEMP चा दिवा लागतो. मदत हवी आहे

पाटीपेन्सिल:
नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. दोन वर्षांपूर्वी शाळेला एक वापरलेला प्रोजेक्टर देणगीत मिळाला. चोरी होऊ नये म्हणून तो भिंतीवर पत्र्याच्या पेटीत कुलूप लावून बसवला आहे. पेटीला पुढून काचेची खिडकी आहे आणि दोन्ही बाजूंना भोकं पाडलेली आहेत.

दिवाळीच्या सुट्टीनंतर त्रास सुरू झाला. सकाळी लावला की दहा-बारा मिनिटं व्यवस्थित चालतो. मग पंख्याचा आवाज वाढतो, TEMP लिहिलेला दिवा नारिंगी लुकलुकतो आणि थोड्याच वेळात चित्र जातं. त्यानंतर तोच दिवा लाल होऊन तसाच राहतो. पाच मिनिटांनी पुन्हा लावला तर तीन-चार मिनिटांतच बंद. LAMP चा दिवा मात्र लागत नाही. गावातल्या दुकानदाराने "लॅम्प गेला, नवा घ्या" असं सांगितलं आहे. शाळेकडे तेवढे पैसे नाहीत, म्हणून खर्च करण्याआधी इथे विचारते आहे.

घाटमाथा:
लॅम्पच आहे. आमच्या क्लासमध्येही असाच मधेच बंद पडायचा, लॅम्प बदलला आणि प्रश्न मिटला. तोवर तात्पुरता उपाय म्हणून मागचा फिल्टर काढून ठेवा, हवा खेळती राहील.

फोकस_दुरुस्ती:
मॅडम, लॅम्प घेऊ नका, निदान आत्ता तरी. तुम्ही लिहिलेल्या एका गोष्टीवरून बरंच कळतं: थंड असताना बारा मिनिटं आणि गरम असताना चार. म्हणजे उष्णता साठते आहे. लॅम्प संपत आला की चित्र अंधुक आणि पिवळट होतं, लुकलुकतं, किंवा लॅम्प पेटतच नाही. कधी 'फट्' आवाज होऊन फुटतो. आधी कितीवेळ विश्रांती दिली यावर त्याचं बंद पडणं असं ठरत नाही.

घाटमाथा, फिल्टर काढून ठेवायचा सल्ला कृपया कोणी पाळू नका. आतल्या पॅनेलवर धूळ बसली की पडद्यावर रंगीत डाग दिसू लागतात, आणि ते साफ करायला अख्खं मशीन उघडावं लागतं. खडूची पूड तर फार बारीक असते.

आता दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासा, एकदम करू नका. आधी प्रोजेक्टर पेटीतून काढून उघड्या टेबलावर ठेवा, फिल्टरला हात लावू नका, आणि लावून बघा. मग फिल्टर साफ करून पुन्हा बघा. म्हणजे दोष पेटीचा किती आणि फिल्टरचा किती, ते कळेल. चालू असताना गरम हवा निघते त्या जाळीसमोर हात धरा. झोत जोरात आणि गरम असेल तर पंखा ठीक आहे. झोत क्षीण असेल तर हवा कुठेतरी अडते आहे, किंवा पंखा मंदावला आहे.

कोकणकडा९:
आमचाही दर पाच मिनिटांनी काळा होतो! मोबाईलवरून वायफायने जोडतो. काय करावं?

फोकस_दुरुस्ती:
दिवे न लागता नुसता पडदा काळा होत असेल, तर तो मोबाईलचा स्क्रीन बंद होण्याचा प्रश्न असेल. स्क्रीन बंद होण्याची वेळ वाढवून बघा. हा प्रकार वेगळा आहे, वेगळा धागा काढलात तर बरं.

सभामंडप:
आमच्या सांस्कृतिक हॉलमधला प्रोजेक्टर छताला अगदी चिकटवून लावला होता. गरम हवा वरच साठते, म्हणून उन्हाळ्यात दुपारच्या कार्यक्रमात हमखास बंद पडायचा. पाइप लांब करून हातभर खाली घेतला, तेव्हा सुरळीत झालं. आमच्या मशीनला फिल्टरच नाही, त्यामुळे जाळ्या बाहेरून ब्रशने झाडतो. तुमच्या पेटीत बाहेर टाकलेली गरम हवा फिरून पुन्हा आत ओढली जात असणार, असं मला वाटतं.

पाटीपेन्सिल:
सर्वांचे आभार. सांगितलं तसं करून पाहिलं.

टेबलावर, फिल्टर तसाच ठेवून, साधारण अर्धा तास चालला, मग TEMP नारिंगी झाला. नंतर बाजूचं झाकण सरकवून फिल्टर काढला. मूळचा काळा स्पंज आहे, पण वर राखाडी गादीसारखा थर बसला होता, आणि बोटाने उचलला तर सोलून आला. तो झाडल्यावर पूर्ण तास झाला, प्रोजेक्टर बंद पडला नाही आणि पंख्याचा आवाजही बराच कमी झाला. पुन्हा पेटीत ठेवून लावला, तर पंचवीस मिनिटांत परत नारिंगी. म्हणजे दोष दोन्हींचा आहे.

पण आता नवीनच दिसतंय: LAMP चा दिवा नारिंगी लुकलुकतो आहे. मेनूत लॅम्पचे तास ९०० दाखवतो. चित्रही मला पिवळट वाटतं, खिडक्या लावल्याशिवाय फळ्यावरची अक्षरं नीट दिसत नाहीत.

फोकस_दुरुस्ती:
छान तपासलंत. आधी पेटीचं बघू. भोकं मोजण्यापेक्षा ती कुठे आहेत ते बघा. हवा आत घेणारी जाळी आणि बाहेर टाकणारी जाळी, या दोन्हींसमोर पत्रा पूर्ण कापून जाड तारेची जाळी बसवून घ्या, आणि दोन्ही हवा एकमेकींत मिसळू नयेत म्हणून मध्ये पट्टी लावा. गावचा फॅब्रिकेटर करून देईल. फिल्टर दर महिन्याला काढा, मऊ ब्रशने किंवा व्हॅक्यूमने साफ करा. पाण्याने धुवायचा की नाही ते त्याच्या पुस्तिकेत बघा, काही फिल्टर धुतल्याने खराब होतात. फाटू लागला की नवा घाला.

लॅम्पचे ९०० तास मला पटत नाहीत. मेनूतला आकडा कोणीही शून्यावर आणू शकतो. देणाऱ्यांनी लॅम्प न बदलता आकडा शून्य केला असेल, किंवा खरंच नवा घातला असेल आणि तो हलक्या प्रतीचा असेल. वीज गेली की तुम्ही काय करता?

पाटीपेन्सिल:
वीज जाते तेव्हा प्रोजेक्टर तसाच बंद होतो. वीज आली की लगेच लावतो, तास वाया जाऊ नये म्हणून.

फोकस_दुरुस्ती:
त्याचाही लॅम्पला त्रास होतो. आतला लॅम्प फार तापलेला असतो, पंखा थांबला की ती उष्णता तिथेच अडकते. वीज आली तरी दहा-पंधरा मिनिटं थांबून लावा. शाळेत इन्व्हर्टर असेल तर त्यावर घ्या, लॅम्पवाले बहुतेक प्रोजेक्टर साधारण ३०० वॅटच्या आसपास ओढतात. मेनूत इको मोड असेल तर तो लावा, चित्र थोडं मंद होतं पण लॅम्प जास्त टिकतो आणि तापतोही कमी.

लॅम्प घ्यायची वेळ आली तर प्लास्टिकच्या चौकटीसह पूर्ण घ्या. नुसता बल्ब स्वस्त मिळतो, पण जुन्या चौकटीत तो किंचितही वाकडा बसला तर चित्र अंधुक येतं. काचेला बोट लावू नका. लॅम्प आत फुटला तर मुलांना वर्गाबाहेर काढून खिडक्या उघडा, त्यात पारा असतो. नवा बसवल्यावरच मेनूतून तास शून्य करा.

सभामंडप:
नुसत्या बल्बबद्दल मी सहमत नाही. आम्ही दोनदा बसवला आहे, जाणत्या माणसाकडून, आणि निम्म्या खर्चात काम झालं. शाळेसाठी हा विचार करायला हवा.

फोकस_दुरुस्ती:
जाणता माणूस असेल तर मान्य. गावाच्या आसपास तो आहे का, हाच प्रश्न आहे.

पाटीपेन्सिल:
पेटीचं काम या शनिवारी करून घेते. देणगीदारांना लॅम्प कधी बदलला होता ते विचारलं आहे, अजून उत्तर आलेलं नाही. तोवर इको मोडवर चालवत आहोत. आमच्या भागात चौकटीसह लॅम्प साधारण काय दराने मिळतो, कोणी अलीकडे घेतला असेल तर कृपया सांगा.