मदत हवी आहे: स्प्लिटर लावला की लाइव्हचं चित्र काळं, प्रोजेक्टरवर मात्र सगळं दिसतं

पेठेतला_वाचक (सातारा)
आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेचं लाइव्ह मी करतो. परवा एका सरांचं कासच्या फुलांवर व्याख्यान होतं. त्यांच्या लॅपटॉपची एचडीएमआय एक-आत-दोन-बाहेर स्प्लिटरला दिली. एक वायर प्रोजेक्टरला, दुसरी लाइव्हच्या संगणकात चित्र घेणाऱ्या कॅप्चर कार्डाला. प्रोजेक्टरवर फुलं झकास दिसत होती, कार्डाचा निळा दिवाही लागलेला, पण लाइव्हच्या ओबीएस सॉफ्टवेअरमध्ये काळा पडदा. सरांचा आवाज माइकवरून जात होता, त्यामुळे घरून बघणारी म्हातारी मंडळी तासभर नुसतं ऐकत बसली. फार वाईट वाटलं. वाचनालयाचा विंडोज लॅपटॉप याच जोडणीवर चालतो. मग बिघाड कुठे?

वायरवाला_मिरज
वायर किती लांब आहे? आमच्या हॉलमध्ये १५ मीटरची वायर होती, चित्र सारखं जायचं. वायर बदला.

पेठेतला_वाचक
कार्डाकडची वायर दीड मीटरची आहे, दादा. आणि एक सांगायचं राहिलं. स्प्लिटर काढून सरांचा लॅपटॉप थेट कार्डाला लावला तर चित्र येतं!

कंट्रोलरूम_सांगली
तुमच्या या शेवटच्या ओळीतच उत्तर आहे. कार्ड, वायर, लॅपटॉप तिन्ही धडधाकट आहेत. हा एचडीसीपीचा, म्हणजे चित्राची नक्कल होऊ नये म्हणून एचडीएमआयवर लागणाऱ्या कुलपाचा मामला आहे.

लॅपटॉप चित्र पाठवण्याआधी समोरच्या उपकरणाला विचारतो, तुझ्याकडे किल्ल्या आहेत का? परवाना घेतलेल्या टीव्ही, प्रोजेक्टर आणि स्प्लिटरमध्ये त्या गुप्त किल्ल्या कारखान्यातच भरलेल्या असतात. तुमचा स्प्लिटर 'आहेत' म्हणाला. काही लॅपटॉप एवढं ऐकलं की सगळंच चित्र कुलूपबंद करून पाठवतात, मग ते स्वतः काढलेले फोटो का असेनात. बहुतेक विंडोज लॅपटॉप एखाद्या ॲपने मागितल्याशिवाय कुलूप घालत नाहीत, म्हणून तुमचा चालला.

पुढे स्प्लिटरला प्रत्येक वायरीवर पुन्हा तीच विचारपूस करावी लागते. प्रोजेक्टरकडे किल्ल्या होत्या, त्याला चित्र मिळालं. कॅप्चर कार्डाकडे नसतात, कारण कुलूपबंद चित्र रेकॉर्ड करू द्यायचं नाही ही परवान्याचीच अट आहे. म्हणून तिकडे काळं. थेट जोडल्यावर मात्र कार्डाने लॅपटॉपला 'नाहीत' सांगितलं, आणि स्लाइड उघड्याच आल्या.

गोडोलीकर
यावर स्वस्तातले स्प्लिटर मिळतात, ते कुलूपच काढून टाकतात. तोच घ्या.

कंट्रोलरूम_सांगली
तसे मिळतात हे खरं, पण ते परवान्याबाहेरचं काम आहे आणि एकाच छापाच्या दोन नगांतला एक चालतो, एक नाही. स्वतःच्या स्लाइडसाठी कुलूप तोडायची गरजच नाही, ते लागूच द्यायचं नाही. लॅपटॉपला दोन टाइप-सी पोर्ट असतील तर दोन ॲडॉप्टर लावा. एक प्रोजेक्टरला, एक कार्डाला, आणि डिस्प्ले मिरर करा. प्रत्येक पोर्टची विचारपूस स्वतंत्र होते. लूप-आउट असलेलं कार्ड आधी लावून पुढे प्रोजेक्टर जोडता येतो, पण काही कार्डं प्रोजेक्टरचं 'आहेत' जसंच्या तसं मागे लॅपटॉपला कळवतात. मग पुन्हा काळं. घेण्याआधी दुकानातच त्याच लॅपटॉपवर लावून बघा.

वायरवाला_मिरज
म्हणजे वायरीचा काही संबंधच नाही?

कंट्रोलरूम_सांगली
आहे. ही विचारपूस त्याच एचडीएमआय वायरीतल्या दोन बारीक तारांवरून चालते, आणि एचडीसीपीच्या जुन्या १.४ आवृत्तीत साधारण दर दोन सेकंदांनी पुन्हा तपासणी होते. लांब वायरीत ती चुकली की चित्र जातं, परत येतं. तुमचं तेच झालं असेल. यांच्याकडे चित्र एकदाही आलेलं नाही, हा फरक.

कृष्णाकाठची_ताई
माझंही सांगते. फोर-के सेट-टॉप बॉक्सवरून हॉलचा नवा आणि आईच्या खोलीतला जुना टीव्ही, मध्ये स्प्लिटर. जुन्यावर सिनेमा लावला की काळं, मेनू मात्र दिसतो.

कंट्रोलरूम_सांगली
ताई, तो सिनेमा बहुधा एचडीसीपी २.२ मागतोय आणि जुना टीव्ही १.४ चा असावा. तसं असेल तर ते चित्र त्या टीव्हीकडे जाणारच नाही. बॉक्सच्या सेटिंगमध्ये १०८० करून पाहा. काही ॲप मग हलकी प्रत देतात, काही नाहीच देत.

पेठेतला_वाचक
आज सरांच्या घरी जाऊन दोन ॲडॉप्टर लावून पाहिले. ओबीएसमध्ये कारवीची निळी फुलं आली! सरांनी एका ओटीटी ॲपमधला माहितीपट लावला तेव्हा तेवढाच चौकोन काळा, बाजूचा डेस्कटॉप स्वच्छ.

कंट्रोलरूम_सांगली
तो चौकोन काळाच राहणार, ते ॲपने स्वतःहून केलेलं असतं. सरांना स्वतः काढलेलाच व्हिडिओ लावायला सांगा.

पेठेतला_वाचक
सांगतो. एक मात्र उरलंय. मिरर केल्यावर सरांच्या घरचा टीव्ही ७२० वर घसरतो, कार्ड काढलं की परत १०८० होतो. हेही एचडीसीपीच का?

कंट्रोलरूम_सांगली
ते वेगळं वाटतंय. दोघांना चालेल असं रिझोल्यूशन लॅपटॉप निवडत असणार. कार्डाचं मॉडेल आणि डिस्प्ले सेटिंगचा फोटो टाका, मग बघू.