मदत हवी आहे: सात वर्षांच्या मुलीसाठी समर कॅम्प की घरीच ठेवावं?

रेवाची_आई: आम्ही पुण्यात, दोघंही नोकरीवाले. मे महिन्यात एक कॅम्प आहे, सोमवार ते शुक्रवार साडेनऊ ते साडेबारा, तीन आठवडे. फी ६,५०० आणि साहित्याचे ९०० वेगळे. घरी ठेवलं तर सांभाळणाऱ्या मावशी त्या तीन आठवड्यांचे ९,००० घेणार, शिवाय रंग, कागद, कोडी वगैरेंचे साधारण १,५०० होतील. म्हणजे कॅम्पच स्वस्त ना?

कोकणकडा: आमची पोरं सरळ आजोळी जातात, फणस-आंबे खातात. खर्च शून्य.

रेवाची_आई: आजोळ बंगळुरूला आहे हो, आणि आई अजून नोकरी करते :)

हिशेबी: कॅम्प साडेबाराला सुटल्यावर मुलगी कुठे असणार?

रेवाची_आई: घरी, मावशींकडेच. आम्ही साडेसहाला येतो.

हिशेबी: मग मावशींचे पैसे वाचतच नाहीत. त्यांना विचारा, फक्त दुपारचं किती घेणार. सकाळची तीन तासांची फट भरायला त्यांना दुसरं काम मिळेलच असं नाही, त्यामुळे त्या अर्धे पैसे कमी करणार नाहीत.

रेवाची_आई: आत्ताच विचारलं. ७,००० म्हणाल्या. सकाळी मी सोडेन, दुपारी त्या रिक्षाने आणतील. कॅम्प साडेतीन किलोमीटरवर आहे.

हिशेबी: रिक्षा जाता-येता साठ-साठ धरा, पंधरा दिवसांचे १,८०० झाले. फी आणि साहित्य मिळून ७,४००, एकूण ९,२००. त्यातून मावशींकडे वाचलेले २,००० आणि घरच्या साहित्याचे १,५०० वजा करा. उरले ५,७००. कॅम्प एकूण पंचेचाळीस तासांचा, म्हणजे तासाला सव्वाशेच्या आसपास. तुमचा प्रश्न एवढाच आहे: त्या तीन तासांत तिला जे मिळेल, त्याला हे पैसे द्यायचे का? आणि हो, चौथ्या दिवशी "मला नाही जायचं" म्हणाली तर फी परत मिळते का, हे पावती फाडण्याआधी विचारा.

टॅक्सवाला_दादा: फीची पावती ठेवा, ८०सी मध्ये धरता येते.

हिशेबी: जुन्या पद्धतीने कर भरत असाल तरी नाही. तिथे शाळा-कॉलेजच्या पूर्णवेळ शिक्षणाची ट्यूशन फी चालते, शिबिराची नाही.

सावनी: मागच्या वर्षी आम्ही तिसऱ्याच दिवशी सोडलं. बाई चांगल्या होत्या, पण एका खोलीत तीस मुलं! आधी एक दिवस बसू देतात का बघ.

रेवाची_आई: विचारलं. फी परत नाही, पण पहिला आठवडा वेगळा भरता येतो, २,६०० ला. तिप्पट केलं तर महाग आहे, पण मला तोच बरा वाटतोय. नवऱ्याला पटलेलं नाही अजून.