मदत हवी आहे: घनता ९९.५ टक्के, तरी ॲल्युमिनाची चकती पांढरीच का?

चकती१२:
९९.९९ टक्के शुद्ध ॲल्युमिनाची पूड दाबून १२ मिमी व्यासाची, १ मिमी जाडीची चकती केली आहे. हवेच्या भट्टीत १६५० अंशांना ४ तास ठेवली. आर्किमिडीज पद्धतीने घनता ९९.५ टक्के येते. सोडियम दिव्यातली आतली नळी याच पदार्थाची, तिच्यातून उजेड येतो. माझी चकती मात्र खडूसारखी. पुडीत मळ असेल का?

काचमणी:
काच अनाकार, म्हणून पारदर्शक. सिरॅमिक म्हणजे असंख्य स्फटिककण, आणि त्यांच्या सीमांवर प्रकाश विखुरतो. एकसंध स्फटिक वाढवल्याशिवाय आरपार दिसणं शक्य नाही.

भट्टीकर:
मळ असता तर चकतीला रंग चढला असता. हिरवट बाटलीतलं लोह प्रकाश गिळतं, तरी तिच्यातून पलीकडचं रेखीव दिसतं. तुमची चकती पांढरी आहे, म्हणजे प्रकाश गिळला गेलेला नाही, माघारी फिरला आहे. खडीसाखरेचा खडा आरपार दिसतो, तीच दळली की पांढरी होते. साखर तीच, फक्त मध्ये हवा शिरली.

तुमच्याकडे ती हवा छिद्रांत आहे. ॲल्युमिनाचा अपवर्तनांक १.७६, छिद्राचा १. एवढी मोठी तफावत आत दुसरीकडे कुठेच नाही. छिद्रं १ मायक्रॉनची धरली तर विखुरण्याचा गुणांक ढोबळमानाने असा निघतो:

```
3 × सच्छिद्रता ÷ छिद्राचा व्यास
3 × 0.005 ÷ 0.001 मिमी = 15 प्रति मिमी
```

म्हणजे १ मिमीतून सरळ पार होणारा प्रकाश कोटीत तीन भाग. सच्छिद्रता ०.१ टक्क्यावर आणली तर ५ टक्के प्रकाश सरळ जाईल, ०.०१ टक्क्यावर ७४ टक्के. दोन्ही पृष्ठभागांवरून परावर्तनात जाणारे साधारण १४ टक्के वेगळेच. यांत्रिक कामाला ९९.५ उत्तम, प्रकाशासाठी ती सुरुवातसुद्धा नाही.

शिवाय त्या ९९.५ वर फार विसंबू नका. चकतीचं आकारमान ०.११ घसेंमी, म्हणजे पाण्यात वजन जेमतेम ०.११ ग्रॅमने घटतं. तिथे १ मिलिग्रॅम चुकला की घनता जवळपास १ टक्क्याने हलते. चकतीला चिकटलेला एक बुडबुडाही पुरतो.

दातदुखी:
माझी झिर्कोनियाची कॅप शेजारच्या दातापेक्षा जास्त पांढरी दिसते. तीही छिद्रांमुळेच का? पुन्हा भाजून घेता येईल?

भट्टीकर:
बसवलेली कॅप भाजायचा विचारही नको. शिवाय तिथे छिद्रं हे एकच कारण नसतं, कणांच्या सीमाही प्रकाश विखुरतात. जास्त इट्रियाची, पाच मोल टक्क्यांची झिर्कोनिया अधिक पारभासी असते, पण मजबुतीत कमी पडते. कुठली वापरली ते दंतवैद्यांना विचारा.

चकती१२:
पृष्ठभाग खरखरीत असल्याचाही परिणाम असेल का?

भट्टीकर:
असू शकतो, पण ते लगेच तपासता येतं. दोन्ही बाजूंना ग्लिसरीनचा थेंब लावून चकती छापील अक्षरांवर ठेवा. फरक पडला तर दोष पॉलिशचा, नाही पडला तर आतला. चकती चिकटून असताना अक्षरं वाचता आली आणि सेंटीमीटरभर उचलताच पुसट झाली, तर प्रकाश विखुरतोय. अक्षरं रेखीव पण करडी दिसली, तर शोषला जातोय. ग्रॅफाइटच्या साच्यातला कार्बन आत शिरला की असं होतं.

काचमणी:
मग कणांच्या सीमांचा काहीच संबंध नाही?

भट्टीकर:
आहे, तिथे तुमचं अर्धं बरोबर. ॲल्युमिनाचा अपवर्तनांक दिशेनुसार ०.००८ ने बदलतो, म्हणून दर सीमेवर प्रकाश थोडा वळतो. दिव्याची नळी त्यामुळेच दुधी दिसते. उजेड येतो, पण आतलं रेखीव दिसत नाही. स्पिनेल या सिरॅमिकची स्फटिकरचना घनाकृती आहे, त्यात दिशेनुसार हा भेद नसतो. छिद्रं गेली की अनेक कणांचं असूनही ते आरपार दिसतं. ॲल्युमिनात रेखीव दिसायला हवं असेल तर कण अर्ध्या मायक्रॉनच्या आत ठेवावे लागतात.

चकती१२:
ग्लिसरीनने काहीच बदललं नाही. १६५० ऐवजी १७५० अंशांना जास्त वेळ ठेवू का?

भट्टीकर:
नको. छिद्र कणांच्या सीमेवर असेतो भरत जातं. तापमान चढवलं की कण भराभर वाढतात, छिद्राला गिळतात, आणि आत अडकलेलं छिद्र मग जवळपास कायमचं. हवेतला नायट्रोजनही कोंडला जातो. म्हणून नळ्या हायड्रोजनमध्ये भाजतात. तो ॲल्युमिनातून बाहेर पडू शकतो. ५०० पीपीएम मॅग्नेशिया मिसळा, त्याने कणांची वाढ आवरते. मग निर्वात भट्टीत, फक्त छिद्रांची तोंडं बंद होईतो भाजा आणि शेवटी १२५० अंशांच्या आसपास, १५० मेगापास्कल आर्गॉनखाली हिप करा, म्हणजे तापलेल्या चकतीला सगळ्या बाजूंनी वायूचा सारखा दाब द्या. तोंडं उघडी राहिली तर आर्गॉन आतच शिरतो आणि दाब फुकट जातो.

चकती१२:
हिप आमच्याकडे नाही. निर्वात भट्टी मिळेल, पण तिचे हीटर ग्रॅफाइटचे आहेत.

भट्टीकर:
चालेल, पण चकती करडी झाली तर हवेत पुन्हा तापवावी लागेल. त्याआधी एक तुकडा पॉलिश करून, १५०० अंशांना २० मिनिटं ठेवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढा आणि इथे टाका. छिद्रं कणांच्या पोटात आहेत की सीमेवर, हे पाहिल्याशिवाय हिपविना किती साधेल ते सांगता येणार नाही.