शब्दचर्चा: ‘ग्रुप सिक्वेन्शियल’मधला ग्रुप कोणता, आणि नमुना वाढतो की घटतो?

पानगळ
एका औषधचाचणीच्या आराखड्याचा अनुवाद करते आहे. मुळात ‘ग्रुप सिक्वेन्शियल डिझाइन’ आहे आणि मध्यावर एक ‘इंटरिम लुक’. पहिल्या खर्ड्यात मी ‘गट-क्रमिक आराखडा’ आणि ‘अंतरिम पाहणी’ असं लिहिलं. पुढे ओघात एक वाक्य घातलं: ‘मध्ये एकदा निकाल तपासणार असल्याने नमुना कमी लागेल.’ संशोधकांनी ते वाक्य खोडून परत पाठवलं. त्यांचं म्हणणं, आमचा आकडा 400 वरून 440 झाला आहे, कमी कुठे झाला? माझा समज असा की चाचणी मध्येच थांबू शकते, म्हणजे माणसं कमीच लागणार. शब्द चुकला की समज चुकली?

चौकट
समज. दोनदा पाहिलं की योगायोगाने ‘फरक आहे’ असं दिसण्याची संधीही दोनदा मिळते. म्हणून 5 टक्के चुकीची जी मुभा असते ती दोन वेळांत वाटायची, अडीच आणि अडीच. अट कडक झाली की पॉवर, म्हणजे खरा फरक असेल तर तो पकडला जाण्याची शक्यता, टिकवायला माणसं वाढवावी लागतात. संशोधक बरोबर आहेत.

मोजपट्टी
चौकट, दिशा बरोबर आहे, पण अर्धी-अर्धी वाटणी गरजेपेक्षा कडक होते. दुसऱ्या वेळी आपण नवी माणसं पाहत नाही, पहिली 220 अधिक पुढची 220 अशी सगळी मिळून पाहतो. म्हणजे दोन्ही निकाल एकमेकांत गुंतलेले असतात. दोन्ही वेळा 5 टक्क्यांची अट लावली तर एकूण चूक 10 टक्के होत नाही, 8.3 टक्के होते. पाच वेळा पाहिलं तर 14.2. या गुंत्याचा हिशेब धरून पोकॉक यांनी 1977 मध्ये दोन्ही वेळी एकसारखी अट कशी लावायची ते दाखवलं. दोन वेळांसाठी ती 0.0294 येते, 0.025 नाही. 90 टक्के पॉवर हवी असेल तर त्यासाठी नमुना 1.10 पट करावा लागतो. म्हणून 440.

आता पानगळ, तुमचं वाक्य. एकाच ‘नमुना’ शब्दाखाली दोन आकडे लपलेत. 440 हा वरचा टोकाचा आकडा. चाचणी मध्ये थांबली नाही तर एवढी माणसं घ्यावीच लागतील, आणि निधी, औषध, परवानगी सगळं त्याच हिशेबाने मागायचं. दुसरा आकडा सरासरीचा. गृहीत धरला आहे तेवढाच गुण औषधात खरोखर असेल, तर 220 माणसांवर थांबण्याची शक्यता सुमारे 59 टक्के. म्हणजे अशा अनेक चाचण्या केल्या तर सरासरी 310 च्या आसपास माणसं लागतील. तुमचं वाक्य सरासरीबद्दल खरं आहे, कमालीबद्दल खोटं. आणि औषधात काहीच गुण नसेल तर सरासरीही 433 येते, कारण या आराखड्यात ‘गुण दिसला’ म्हणूनच थांबता येतं.

पडताळायचं असेल तर R मध्ये gsDesign पॅकेज आहे:

```
library(gsDesign)
x <- gsDesign(k = 2, test.type = 2, alpha = 0.025,
              beta = 0.1, sfu = "Pocock", n.fix = 400)
x$n.I
```

साधारण 220 आणि 440 दिसतील. alpha म्हणजे चुकीची ती मुभा. इथे ती एका बाजूची लिहायची असते, म्हणून 0.025. तिथे 0.05 टाकलं की दोन्ही बाजू मिळून ती मुभा 10 टक्के होते, आणि तसं करणारे लोक मी पाहिले आहेत.

साडेतीन
आमच्या अभ्यासातही असंच झालं होतं. अर्ध्यावर मोजमापांचा विखुरलेपणा पाहिला, तो अंदाजापेक्षा बराच जास्त निघाला आणि नमुना वाढवला. तेव्हा ‘नमुनावाढ’ हा शब्द वापरला होता, तोच चालेल.

मोजपट्टी
साडेतीन, ती वेगळी गोष्ट. तुमच्याकडे अभ्यास चालू असताना नवा आकडा काढला गेला. त्याला ‘पुनर्गणना’ म्हणावं. इथे 440 हा आकडा पहिला रुग्ण येण्याआधीच लिहिलेला असतो आणि नंतर तो हलत नाही. दोन्हींना ‘नमुनावाढ’ म्हटलं तर वाचणाऱ्याला वाटेल की मधले निकाल पाहून संशोधकांनी माणसं वाढवली. हा आरोप फार गंभीर आहे.

पानगळ
म्हणजे मध्ये पाहायचं तर दहा टक्के जास्त मोजावेच लागतात?

मोजपट्टी
नाही, पाहण्याची अट कशी ठेवता त्यावर आहे. ओब्रायन आणि फ्लेमिंग यांची 1979 ची पद्धत घ्या. मध्यावर अट अतिशय कडक, जवळपास 0.005, आणि शेवटी 0.048, म्हणजे नेहमीच्या 0.05 ला खेटून. त्यामुळे कमाल नमुना 400 चा जेमतेम 403 होतो, दोन्ही गट समान ठेवायला 404 म्हणा. पण मध्यावर थांबण्याची शक्यता 31 टक्क्यांवर येते आणि सरासरी 341 च्या आसपास जाते. तीन वेळा पाहायचं ठरवलं तर पोकॉकचा आकडा साधारण 460 होतो, यांचा 406 च्या आसपासच राहतो.

मला स्वतःला दुसरी पद्धत पटते. कारण माणसं नाही, शेवटचा दिवस. पोकॉकमध्ये शेवटी पी-मूल्य, म्हणजे औषधात गुण नसतानाही योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता, 0.04 आलं तर निकाल ‘सिद्ध झालं नाही’ असा लिहावा लागतो. मध्ये पाहिलंच नसतं तर तोच 0.04 पुरला असता. इतकी वर्षं खपलेल्या लोकांना हे समजावणं फार जड जातं. मात्र आजार जीवघेणा असेल आणि लवकर कळणं महत्त्वाचं असेल, तर पोकॉकच्या बाजूनेही बोलता येतं.

रानवाट
शब्दांकडे वळते. ‘गट-क्रमिक’मधला गट वाचून मला आधी औषधगट आणि तुलनागट आठवले. मुळातला ग्रुप तो नाहीच ना? दोन पाहण्यांच्या मध्ये जेवढी माणसं दाखल होतात तो त्यांचा ग्रुप. तर ‘तुकडी’ म्हणा. ‘तुकडीवार क्रमिक आराखडा’. पहिली तुकडी 220, दुसरी 220, आणि प्रत्येक तुकडीत दोन्ही गटांतली माणसं.
‘पाहणी’सुद्धा अडचणीचा. ‘नमुना पाहणी’ म्हणजे सर्व्हे हे इतकं रुजलंय की ‘अंतरिम पाहणी’ वाचून कुणी प्रश्नावली घेऊन दारात येईल असं वाटतं. ‘अंतरिम तपासणी’ही नको, कारण रुग्णांची तपासणी वेगळी असते. ‘मधलं विश्लेषण’ म्हणावं.

चौकट
0.0294 चं मान्य, गुंत्याचा विचार केला नव्हता. पण ‘विश्लेषण’ मला पटत नाही. सुरक्षा समिती दर काही महिन्यांनी दुष्परिणामांचे आकडे पाहते, तेही विश्लेषणच. मग त्यासाठीही नमुना वाढवायचा?

मोजपट्टी
फक्त दुष्परिणाम पाहत असतील आणि ‘औषध गुणकारी दिसतंय, थांबवा’ म्हणायची वाटच नसेल, तर नाही. पण समितीसमोर गुणाचे आकडे गटवार उघडे असतील तर मी ते पाहणं मोजतो. काही जण अशा वेळी 0.0001 इतका नाममात्र अल्फा खर्ची टाकतात, त्याने कमाल आकडा हलत नाही.

रानवाट
त्याने कागद नीट होतो, पण समितीतल्या माणसाने पाहिलं ते पाहिलंच. इथे माझं तुमच्याशी जुळत नाही.

पानगळ
वाक्य असं बदललं आहे: ‘हा तुकडीवार क्रमिक आराखडा आहे. 220 जणांचे निकाल हाती आल्यावर एक मधलं विश्लेषण होईल. जास्तीत जास्त 440 जण लागतील. औषध अपेक्षेइतकं गुणकारी असेल तर सरासरी सुमारे 310 जणांत निर्णय होईल.’

चौकट
‘सरासरी 310’ काढा किंवा समजावा. चाचणी एकच होणार आहे, ती 220 वर थांबेल नाहीतर 440 वर. 310 वर ती कधीच थांबणार नाही.

पानगळ
खरंय. मग ‘220 वरच थांबण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त’ असं लिहिते. ‘तुकडी’ संशोधकांना रुचते का, ते विचारून इथे सांगेन.